कॉफीच्या मळ्यात चार सकाळी: मराठवाड्यातून जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

लातूर, नांदेड, परभणीकडची मंडळी सुट्टीसाठी डोंगरातल्या चहा-कॉफीच्या मळ्यांचा विचार करायला लागली की प्रश्न साधारण हेच येतात. इथली उत्तरं मुख्यतः कर्नाटकातल्या चिकमगळूर भागातल्या कॉफीच्या मळ्यांबद्दल आहेत. आपल्याकडून गाडीने किंवा रेल्वेने जमण्यासारखा हाच मोठा कॉफीपट्टा आहे.

मुन्नार, उटी सोडून चिकमगळूर का?

अंतर हे पहिलं कारण. लातूरहून सोलापूर, विजापूर, होस्पेट, चित्रदुर्गमार्गे चिकमगळूर सातशे किलोमीटरच्या आसपास पडतं. मुन्नार गाठायचं तर केरळात उतरावं लागतं आणि प्रवासातच आणखी वेळ जातो. दुसरं कारण मळ्याचं. चहाचा मळा उघड्या उतारावर असतो, दिसायला फार देखणा, पण उन्हात चालावं लागतं. इकडची कॉफी सावलीत वाढते. वर सिल्व्हर ओक, फणस, पांगारा, त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल आणि खाली कॉफीची झुडपं. भर दुपारीही तिथं फिरता येतं, आणि उन्हाला विटून सुट्टी काढणाऱ्या माणसाला तेच तर हवं असतं.

कॉफी भारतात पहिल्यांदा रुजली तीही याच डोंगरांत. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी संतांनी हजहून परतताना येमेनमधून सात बिया आणल्या, अशी आख्यायिका आहे. त्या बिया लावल्या तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

कोणत्या महिन्यात जावं?

या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं की बाकीचे निम्मे प्रश्न सुटतात. बहुतेक लोक आधी हॉटेल ठरवतात, मग रजा टाकतात आणि तिथं पोचल्यावर विचारतात, "कॉफी कुठंय?" मळ्यात काय चाललंय हे महिन्यावर ठरतं, म्हणून आधी महिना पकडावा.

नोव्हेंबर ते जानेवारी हा अरेबिका या जातीच्या कॉफीच्या तोडणीचा काळ. उंचावरच्या, साधारण हजार मीटरच्या वरच्या मळ्यांत अरेबिका असते. खालच्या, उबदार भागात रोबस्टा ही दुसरी जात, ती उशिरा पिकते आणि तिची तोडणी डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत, कधी त्याही पुढं चालते. फळ लाल झालेलं, बायका टोपल्या कमरेला बांधून ओळीत शिरलेल्या, संध्याकाळी वजन, मग साल काढायचं यंत्र सुरू आणि अंगणात दाणे वाळत घातलेले. मळा 'चालू' बघायचा असेल तर संक्रांतीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जावं. पाऊस संपलेला असतो, थंडी सुसह्य असते, आणि एकाच फेरीत अरेबिकाचा शेवट, रोबस्टाची ऐन तोडणी आणि हिरव्या मिरीचे घोस असं सगळं दिसतं.

दिवाळीच्या सुट्टीत जाणारे सर्वांत जास्त. तेव्हा फळ धरलेलं असतं, पण बरंचसं अजून हिरवं. परतीचा पाऊसही कधीकधी रेंगाळतो. हिरवळ मात्र वर्षातली सर्वांत सुंदर असते. मुलांच्या शाळेमुळे दुसरी वेळ जमत नसेल तर दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस धरावेत.

मे महिन्यात मळ्यात बघण्यासारखं कमी असतं. मोहोर गळून गेलेला, फळ बारीक हिरवं. पण आपल्याकडं पारा बेचाळिसावर असताना तिथं संध्याकाळी अंगावर पातळ शाल घ्यावीशी वाटते, एवढ्यासाठीही लोक जातात आणि त्यात गैर काही नाही. कॉफी बघायला आलो असं मात्र मनात धरू नये. जून ते सप्टेंबर धो-धो पाऊस, जळवा, घसरडे रस्ते. पावसाळ्यात घराच्या ओसरीत बसून राहण्याची हौस असेल तरच.

मोहोर बघायचा आहे. तारीख कशी पकडायची?

कॉफीचा मोहोर तीन-चार दिवसच टिकतो. पांढऱ्या फुलांनी अख्खी फांदी झाकली जाते आणि जुईच्या जवळ जाणारा वास सुटतो. फुलं उमलतात ती पाऊस पडल्यावर, कॅलेंडरप्रमाणे नाही. उन्हाळ्यातला पहिला चांगला वळीव, साधारण इंचभर पडला की त्यानंतर आठव्या ते दहाव्या दिवशी कळ्या उघडतात. अरेबिकाच्या बाबतीत हा वळीव मार्चमध्ये पडेल की एप्रिलमध्ये, कुणी सांगू शकत नाही.

रोबस्टाच्या बाबतीत एक सोय आहे. पाणी असलेले मळेवाले पावसाची वाट न बघता फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये तुषार सिंचन चालवतात. म्हणून रोबस्टाच्या मळ्यात फोन करून एवढंच विचारायचं: "तुम्ही मोहोरासाठी पाणी कधी देणार?" त्यांनी तारीख सांगितली की त्यात नऊ दिवस मिळवा आणि त्या दिवशी सकाळी मळ्यात असाल असं आरक्षण करा. आधी वळीव आला तर गणित चुकतं, म्हणून पैसे परत मिळण्याची अट आधीच बोलून घ्यावी. फुलात असताना रोबस्टाला मधमाश्या लागतात, ते झाड परपरागीभवनावर चालतं. त्या दिवसांत मालक ओळींत शिरू नका म्हणाले तर कडेच्या वाटेवरूनच बघायचं.

जायचं कसं? रेल्वे की गाडी?

नांदेडहून बंगळूरूला थेट रेल्वे आहे. ती परभणी, परळी, उदगीर, बीदरवरून जाते, म्हणजे मराठवाड्याच्या बऱ्याच भागाला सोयीची. जवळपास एक अख्खा दिवस लागतो. बंगळूरूहून हुबळीकडं जाणाऱ्या बऱ्याच गाड्या कडूरला थांबतात आणि कडूरहून चिकमगळूर चाळीसेक किलोमीटर. चिकमगळूरलाही स्टेशन आहे, पण गाड्या मोजक्याच. कडूरकडून येण्याचा आणखी एक फायदा म्हणजे शहरापर्यंत रस्ता सपाट आहे. गाडी लागणाऱ्यांनी मंगळूरकडून चारमाडी घाट चढून येण्याचा हट्ट धरू नये.

स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर होस्पेटला मुक्काम करावा. नांदेडकरांना सोलापूरला वळसा घालायची गरज नाही. नांदेडहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५० उदगीर, बीदर, गुलबर्गा, विजापूर, होस्पेट करत थेट चित्रदुर्गला पोचतो.

भाड्याच्या गाडीचा विषय निघालाच आहे तर: ड्रायव्हरच्या झोपण्या-जेवणाची सोय मळ्यात आहे का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारा. शहर पंधरा-वीस किलोमीटर लांब असतं आणि रात्री नऊ वाजता हा प्रश्न निघाला की सगळ्यांचाच विरस होतो.

मळ्यात राहायचं म्हणजे नेमकं कुठं? खरा मळा कसा ओळखायचा?

'इस्टेट स्टे' अशी पाटी लावलेल्या जागा दोन प्रकारच्या आहेत. एक, जिथं मळेवाल्याचं कुटुंब राहतं, शेती करतं आणि चार-सहा खोल्या पाहुण्यांना देतं. दुसरी, जिथं जलतरण तलाव आहे, शेकोटी आहे, शनिवारी रात्री गाणी आहेत आणि कडेला शोभेपुरती कॉफी आहे. दुसरी वाईट असते असं नाही, पण निवांत सकाळ हवी असेल तर पहिलीच हवी.

फोनवर चार गोष्टी विचारल्या की उलगडा होतो. साल काढायचं यंत्र आणि वाळवणाचं अंगण मळ्यातच आहे का? मळ्यात फिरवायला कोण येतं, मालक किंवा मुकादम, की कुणी गाईड? सकाळी जी कॉफी देता ती तुमच्याच मळ्यातली आहे का? आणि रात्री लाऊडस्पीकर लावायला परवानगी आहे का? तिसऱ्या प्रश्नाला खरा मळेवालासुद्धा "नाही" म्हणू शकतो, त्यावरून त्याला बाद करू नका. बहुतेक जण वाळवलेला माल सोलाई-प्रतवारीच्या कारखान्यात पाठवतात आणि घरी प्यायला बाजारातलीच पूड आणतात. पण तो हे मोकळेपणाने सांगतो आणि वर "तुमच्यासाठी थोडी भाजून ठेवतो" म्हणतो. उत्तर टाळणारा असेल तर पुढचा नंबर लावावा.

भाव बहुतेक ठिकाणी खोलीचा नसतो, माणशी असतो आणि त्यात जेवण धरलेलं असतं. एका खोलीत पाच जण झोपू, म्हणजे स्वस्त पडेल, हा आपला नेहमीचा हिशेब तिथं चालत नाही.

शुक्रवार ते रविवार बंगळूरूची गर्दी असते. रविवारी दुपारी पोचून गुरुवारी निघावं. तेच घर, तीच खोली, पण मळा तुमच्या एकट्याचा.

चार दिवसांचा आराखडा सांगाल का?

एक उदाहरण घेऊ. लातूरची दोन जोडपी, सगळी साठीच्या आसपासची, एकीचे गुडघे दुखतात, गाडी भाड्याची, वेळ फेब्रुवारीचा पहिला आठवडा.

शनिवारी पहाटे पाचला निघाले तर सोलापूर, विजापूर करत संध्याकाळच्या आत होस्पेट. हंपी तिथून जवळ आहे, पण या फेरीत ती घुसवू नये. ती वेगळी सहल आहे. रविवारी सकाळी आठला निघून चित्रदुर्ग, कडूरमार्गे तीनपर्यंत मळ्यात. उजेड असताना पोचणं महत्त्वाचं, कारण शेवटचे दोन-तीन किलोमीटर कच्चा रस्ता असतो आणि मोबाइलला रेंज बहुधा नसते. नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

सोमवारी काहीच ठरवायचं नाही. सहा-साडेसहाला शीळकरी कस्तूर हा पक्षी ओरडायला लागतो. ओरडतो म्हणणंही चूक आहे, एखादा पोरगा बेफिकीर शीळ घालत चालल्यासारखा तो आवाज असतो. धुकं असेल तर आठपर्यंत बसून राहायचं. नाश्ता झाल्यावर मालकाबरोबर मळ्यात दीड तासाची चक्कर. गुडघे दुखणाऱ्या ताईंनी जीपच्या रस्त्याने वाळवणाच्या अंगणापर्यंत जावं आणि तिथंच थांबावं. खरी गंमत तिथंच असते, उतारावरच्या ओळींत शिरायची गरज नाही. दुपारी झोप. साडेचारनंतर पुन्हा त्याच अंगणात, कारण तेव्हा मजूर तोडलेला माल घेऊन येतात, वजन होतं, आणि ओल्या प्रक्रियेची कॉफी असेल तर त्याच दिवशी साल काढायला घेतात. सोललेला दाणा बोटात धरून बघा, गुळगुळीत चिकट लागतो. तो चिकटपणा काढायला दाणे दीड दिवसापर्यंत आंबवून मग धुतात. सालासकट वाळवलेली कॉफी वेगळी, तिला अंगणात दोन आठवडे लागतात. साधारण सहा किलो पिकल्या फळातून एक किलो तयार कॉफी निघते. हे ऐकल्यावर चौघांपैकी कुणीतरी सोयाबीनचा उतारा काढतंच.

मंगळवारी सकाळी चव बघण्याचा कार्यक्रम, त्याबद्दल खाली लिहिलंय. बुधवारी एकच बाहेरची फेरी: मुळ्ळय्यनगिरी, उंची १,९३० मीटर, कर्नाटकातलं सर्वोच्च शिखर. गाडी बरीच वर जाते, शेवटी पायऱ्या आहेत. तिथं जाणाऱ्या गाड्यांच्या संख्येवर निर्बंध असतात, म्हणून नोंदणी लागते का हे मालकांना आदल्या दिवशी विचारावं. ताईंनी खाली थांबायचं ठरवलं तरी दृश्य चुकत नाही. धबधब्यांची यादी घेऊन फिरू नये. फेब्रुवारीत बहुतेक आटलेले असतात. गुरुवारी नाश्ता करून परत.

चव बघणं म्हणजे काय करतात? आम्ही तर चहा पिणारे.

चहा पिणाऱ्यांना हे उलट सोपं जातं, कारण कॉफीबद्दल ठाम मत नसतं. मळ्यात थाटामाटाची सोय नसली तरी चालते. तीन वाट्या घ्या, सारख्या आकाराच्या. प्रत्येकीत दहा ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी: एकीत धुऊन वाळवलेली अरेबिका, दुसरीत सालासकट वाळवलेली, तिसरीत रोबस्टा. उकळलेलं पाणी अर्धा-एक मिनिट थांबवून प्रत्येकीत १८० मिलिलिटर ओता आणि हात लावू नका. वर पुडीचा थर जमतो. चार मिनिटांनी चमच्याने तो थर फोडायचा आणि नाक अगदी जवळ नेऊन वास घ्यायचा. वासाचा सर्वांत मोठा झोत त्या क्षणाला येतो. मग वरचा फेस काढून टाकायचा आणि कोमट होईपर्यंत थांबायचं.

त्यानंतर चमच्याने भुरका मारायचा, चांगला आवाज होईल असा. घरी आईने त्यावरून रागावलेलं विसरून जा. हवेबरोबर कॉफी जिभेभर पसरते आणि वास नाकात मागून चढतो. साखर नाही, दूध नाही. धुतलेली अरेबिका स्वच्छ, जराशी आंबटसर लागते. सालासकट वाळवलेलीत पिकल्या फळाचा गोडवा असतो. रोबस्टा जड, कडू, भाजलेल्या धान्याकडं झुकणारी. गरम असताना तिन्ही बऱ्याच सारख्या वाटतात, गार होताना फरक उघडा पडतो आणि दोषही. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर आंबवणं लांबलं असं समजायचं. मातकट, कोंदट लागली तर वाळवण नीट झालेलं नाही.

आदल्या तासाभरात ठेचा, पान, तंबाखू काही नको. रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं, त्यामुळे ज्यांना पित्ताचा किंवा धडधडण्याचा त्रास आहे त्यांनी तोंडात घोळवून थुंकावं. तिथं कुणी वाईट मानत नाही. आणि हा प्रकार सकाळीच करावा, चारनंतर केला तर रात्री छताकडं बघत बसावं लागतं.

मळ्यात एकटं फिरलं तर चालतं का? जळवा, साप, हत्ती?

उजेडात आणि सांगितलेल्या वाटेवर चालतं. मुडिगेरे, आल्दूर, सकलेशपूरच्या बाजूला हत्ती मळ्यांत येतात आणि त्यांच्या हल्ल्यांत माणसं दगावली आहेत. त्यामुळे पहाटेच्या अंधारात किंवा दिवेलागणीनंतर 'जरा पाय मोकळे करून येतो' हे तिथं बंद. मालक "आज खालच्या बाजूला जाऊ नका" म्हणाले की कारण विचारत बसू नये.

फेब्रुवारीत जळवा जवळपास नसतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर ओल असेपर्यंत असतात. पँट मोज्यात खोचायची. चिकटली तर ओढून तोडायची नाही, नखाने कडेकडेनं सरकवून सोडवायची. नंतर बराच वेळ रक्त वाहतं, कारण तिच्या लाळेतल्या द्रव्याने ते गोठत नाही. घाबरण्यासारखं काही नसतं, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पावसाळ्याची सहल टाळलेली बरी. बूट मागं पट्टा असलेले, पकड असलेले घ्या. वाळक्या पानांच्या थरावर चप्पल घसरते.

मुलांना फळं तोडायला देतात का?

विचारून, कडेच्या चार झाडांवरची, देतात. लाल फळ दाबलं की आतून दोन दाणे बाहेर येतात, चोखायला गोड लागतं, मुलांना आवडतं. पण तोडणीची मजुरी बऱ्याच ठिकाणी वजनावर असते. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्यांसारखीच ही माणसं लांबून, कुणी उत्तर कर्नाटकातून, कुणी थेट आसामातून आलेली असतात. त्यांच्या ओळीत शिरून फोटोसाठी हात थांबवायला लावणं म्हणजे त्यांच्या दिवसाच्या कमाईतून वेळ काढून घेणं. फोटो काढायचाच तर संध्याकाळी वजन झाल्यावर, विचारून.

जेवणाचं काय? शाकाहारी मिळेल? भाकरी?

शाकाहारी मिळतं, आधी सांगावं लागतं, कारण मळेवाल्या घरांत कोंबडीचा रस्सा हा पाहुणचाराचा भाग असतो. ज्वारीची भाकरी विसरा. तांदळाची अक्की रोटी, नीर डोसा, कडुबू मिळतात आणि अक्की रोटी चटणीबरोबर खाल्ली की भाकरीची आठवण फारशी येत नाही. एकादशी असेल तर साबुदाणा घरून न्यावा.

कपडे किती गरम?

परभणीची जानेवारी ज्यांनी काढली आहे त्यांना वेगळी तयारी नको. एक स्वेटर, कानटोपी पुरे.

भाषेची अडचण येते का?

मळेवाले हिंदी-इंग्रजी बोलतात, मजूर आणि रिक्षावाले बहुधा कन्नड. उदगीर, देगलूरकडच्यांना थोडी कन्नड कळते, तेवढ्यावर पुष्कळ निभावतं.

कॉफी विकत काय आणावी आणि फसवणूक कशी टाळावी?

शहरातल्या दुकानांत 'फिल्टर कॉफी' म्हणून मिळते त्यात बहुतेक वेळा चिकोरी, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड, मिसळलेली असते. दुधाच्या कॉफीला ती चांगली लागते, दाट रंग येतो, त्यात लबाडी काही नाही. मात्र पाकिटावर चिकोरीचं प्रमाण लिहिलेलं असावं लागतं. 'शुद्ध' म्हणून घेतलेल्या पुडीबद्दल शंका आली तर पेलाभर गार पाण्यावर चिमूटभर टाकून बघा. कॉफी काही वेळ तरंगते, चिकोरी लगेच खाली बसते आणि जाताना तपकिरी रेघ सोडते.

मळ्यातून घेणार असाल तर भाजल्याची तारीख विचारा. कालच भाजलेली असेल तर घरी आणून पाच-सहा दिवस ठेवूनच वापरा, ताज्या भाजणीतला वायू निघून जायला तेवढा वेळ लागतो. घरी दळायची सोय असेल तर अख्खे दाणे घ्या, नसेल तर तिथंच दळून घ्या, पण फिल्टरसाठी की साध्या गाळणीसाठी ते सांगा. पूड दोन-तीन आठवड्यांत वास सोडायला लागते, म्हणून भावकीत वाटायला म्हणून पाच किलो आणू नये. अर्धा किलो पुष्कळ झाली. फ्रिजमध्ये लसणाच्या शेजारी ठेवू नका, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवा. वाटायचंच असेल तर काळी मिरी आणा. नवी मिरी फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळून तयार होते आणि वर्षभर टिकते.